वारा मोजणारा डबा

माझ्या मोठ्या बहिणीनं मला आयुष्यात जितक्या शिव्या दिल्या असतील, त्यातल्या निम्म्या तरी त्या एका उन्हाळ्यात दिल्या, आणि त्या सगळ्या एका डब्यापायी. डबा म्हणजे जेवणाचा नव्हे. खांबावर बसवलेला, करड्या रंगाचा, वर छोटी सोलर पाटी आणि आत सिमकार्ड असलेला डबा. तो आम्ही बनवतो. आम्ही म्हणजे रोह्यातलं एक लहानसं वर्कशॉप, आणि त्यात वायरी जोडणारी, खांबावर चढणारी, चढताना बडबडणारी मी. राहायला पेणला, कामाला रोह्याला. घरच्या गल्लीत बाराही महिने गणपतीच्या मातीचा वास आणि कामावर सोल्डरिंगचा धूर, असं माझं दोन वासांमधलं आयुष्य आहे आणि मला ते आवडतं.

डब्याचं काम आधी सांगते, म्हणजे पुढची भांडणं समजतील. एका पाइपलाइनवर सातआठ गावं असली की प्रत्येक गावाच्या तोंडाशी चेंबरमध्ये एक मीटर आणि एक प्रेशरचा सेन्सर बसतो. मीटरमधलं चक्र फिरलं की डब्याकडे एक टिक येते. डबा टिका मोजतो, त्यांचे लिटर करतो, प्रेशर सेकंदासेकंदाला वाचतो, आणि हे सगळं स्वतःच्या पोटात ठेवतो. पोट लहान, म्हणून थोड्या दिवसांनी जुनं पुसून त्यावर नवं लिहितो. वर क्लाउडला जातो तो फक्त गोषवारा: पाव तासात किती लिटर गेलं आणि प्रेशर जास्तीत जास्त किती झालं. झालं, एवढंच. आमच्या खाडीपट्ट्यात मोबाइलची रेंज वाऱ्यावर येते आणि वाऱ्यावर जाते. तिथं सेकंदासेकंदाचं पुराण पाठवायला बसलो तर डब्याची बॅटरी दुपारीच मान टाकेल. म्हणून मशीनपाशीच हिशेब करायचा आणि वर फक्त निष्कर्ष कळवायचा. ही आमच्या मॅडमची शिकवण.

मॅडम रोह्याच्याच. डब्यातला प्रोग्राम त्यांनी लिहिलेला. पन्नाशीच्या, केस आखूड, पर्समध्ये कायम बडीशेप. विचार करायला लागल्या की बडीशेप चावत राहतात आणि कोणी कितीही हाका मारल्या तरी ओ देत नाहीत. नवीन असताना मला वाटायचं, या बाईला कमी ऐकू येतं. नंतर कळलं, ऐकू सगळं येतं, उत्तर तयार झाल्याशिवाय तोंड उघडत नाहीत एवढंच. माझं बरोबर उलटं.

तर बहीण. ती दिली आहे धरमतरच्या बाजूला, खारातल्या एका वाडीत. तीन बाजूंनी खाडी, विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, आणि लाइनवरचं सगळ्यात शेवटचं गाव. शेवटचं म्हणजे काय ते शेवटी राहणाऱ्यालाच कळतं. वरच्या गावांनी आंघोळी केल्या, गाड्या धुतल्या, की उरलंसुरलं वाडीला. उन्हाळ्यात तर तेही नावापुरतंच, म्हणून एक दिवसाआड टँकर यायचा. वाडी त्या टँकरवर जगायची.

आणि तो टँकर बंद होणार होता. पेणच्या पाणीपुरवठ्याच्या साहेबांच्या स्क्रीनवर वाडीपुढे हिरवा ठिपका होता. ठरलेल्या वाट्याएवढे लिटर रोज पोचतायत असं तो ठिपका सांगत होता. साहेब माणूस वाईट नव्हता हो. त्याच्यापुढे टँकर मागणारी ढीगभर गावं आणि टँकर मोजके. हिरव्या गावाला टँकर कशाला द्यायचा? महिनाअखेरीपासून वाडीचा टँकर दुसरीकडे वळवायचा, असं त्यानं ठरवलं. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

बहिणीचा फोन आला तेव्हा मी खांबावर होते.

"काय गो, तुझा डबा हिरवा झालाय म्हणतात?"

"अगं, डबा हिरवा नसतो, स्क्रीनवर ठिपका..."

"तो ठिपका घिऊन ये हिकडं नि पी म्हणावं! चार घरांत मिळून दोन हंडे पानी आलं आज. आनि टँकरवाला सांगतो, तुमचं पानी पोचतंय म्हणून. कुठं पोचतंय? तुझ्या सासरी?"

माझं लग्न झालेलं नाही. पण रागाच्या भरात बहिणीला तेवढं भान कुठलं! मीही काही कमी नाही. खांबावरूनच ओरडले, की मीटर चांगला आहे, मी स्वतः बसवलाय, तुमच्या वाडीतच कुणीतरी पाणी पळवत असेल. तिनं फोन आपटला. मी हातातलं काम तसंच टाकून खाली उतरले. कारण ही बाई भांडखोर आहे, पण पाण्याच्या बाबतीत खोटं बोलायची नाही.

वर्कशॉपवर येऊन मी मॅडमपुढे तणतणले. म्हटलं, वर सगळंच्या सगळं पाठवायला पाहिजे होतं, प्रत्येक टिक न् टिक, म्हणजे वाद राहिलाच नसता. मॅडम बडीशेप चावत राहिल्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "सगळं वर पाठवलं असतं तरी वर बघायला कोण बसलंय? त्या साहेबाला हजार आकडे दिले असते तर त्यानं बेरीजच केली असती. बेरीज तर आपण आत्ताही देतोय. मग बेरीज चुकतेय कुठे, ते डब्यापाशी जाऊन बघू या. आतलं अजून पुसलं गेलं नसेल."

चुकलं असेल तर आपलंच, असं त्यांनी आधीच धरून टाकलं होतं. एवढ्या वर्षांत मी इंजिनिअर पुष्कळ पाहिले. आपल्या प्रोग्रामवर कोणी बोट ठेवलं की त्यांचा चेहरा कसा होतो ते मला पाठ आहे. या बाईचा चेहरा उलट खुलला. मला त्यांचं फार कौतुक वाटलं, आणि थोडा रागही आला, कारण मला भांडायचं होतं आणि समोर भांडायला कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याच्या वेळेआधी आम्ही वाडीत. मॅडमनी बहिणीच्या अंगणातली एक बादली उचलली, चेंबरपाशी पालथी घातली, तिच्यावर बसल्या, मांडीवर लॅपटॉप, केबल डब्यात. वाडीतल्या बायका गोळा झाल्या. मी इकडेतिकडे पाहिलं. प्रत्येक दारातला नळ पूर्ण उघडा, आणि खाली हंडा लावलेला.

"हे नळ उघडे का?" मी विचारलं.

"मग?" बहीण माझ्याकडे अशी बघायला लागली, की जणू मी चुलीला चूल का म्हणतात असं विचारलंय. "पानी कधी येईल त्याचा काय नेम हाय? उघडा ठेवला म्हंजे सूं सूं आवाज येतो. आवाज आला की धावायचं. कायम उघडेच असतात आमचे. रातचेपन."

मॅडमनी मान वर केली, बडीशेपीचं चावणं थांबलं, आणि पुन्हा मान खाली घातली.

वर टाकीपाशी व्हॉल्व्ह उघडल्याचा फोन आला. थोड्या वेळानं नळांतून सूं सूं सुरू झालं. बायका हंड्यांकडे धावल्या. मी लॅपटॉपमध्ये डोकावले आणि बघतच राहिले. टिका नुसत्या धो धो येत होत्या, मीटरचं चक्र पिसाटासारखं फिरत होतं. डब्याच्या हिशेबानं वाडीत नदी शिरली होती. आणि त्याच्याच खाली प्रेशरची रेघ जमिनीला चिकटून, आडवी, मेल्यासारखी.

मॅडम हसायलाच लागल्या. मोठ्यानं, पोट धरून. "अगं, वारा मोजतोय आपला डबा!"

मग त्यांनी बायकांना बोलावून नीट समजावलं. पाणी बंद झालं की या उघड्या नळांतून लाइन रिकामी होते आणि आत हवा भरते. दुसऱ्या दिवशी वरून पाणी सुटलं की ते आधी ही सगळी हवा पुढे ढकलतं. हवा हलकी, तिला पुढे अडवायला काही नाही, उघड्या नळांतून ती सुसाट सुटते आणि जाता जाता मीटरचं चक्र गरगरा फिरवते. मीटरला पाणी आणि वारा यांतला फरक कळत नाही, त्याला फक्त फिरणं कळतं. शेवटी थोडा वेळ खरं पाणी येतं, तेव्हा प्रेशर वर चढतं. म्हणून पाव तासाच्या गोषवाऱ्यात लिटरही भरपूर आणि जास्तीत जास्त प्रेशरही चांगलं. वरून बघणाऱ्याला सगळं झकास.

बोलता बोलता खरोखर पाणी आलं. रेघ उठून बसली आणि टिका एकदम शांत झाल्या, चालत्या बैलासारख्या एका लयीत. बहिणीचा हंडा अर्धा झाला, मग पाऊण, आणि नळ गुरगुरून थांबला.

"म्हंजे आमच्या नावावर वारा लावलाय?" बहीण म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा चढलेला नव्हता. त्यानंच मला जास्त लागलं.

मॅडमनी डब्याच्या पोटातलं सगळं उतरवून घेतलं, जेवढ्या दिवसांचं शिल्लक होतं ते सगळं, आणि तिथंच, बहिणीच्या ओटीवर बसून, प्रोग्राम बदलला. मला वाटलं होतं आठवडा जाईल. त्यांनी केलं ते इतकं साधं, की चिडचिड झाली, हे मला का नाही सुचलं! प्रेशर आपण आखलेल्या एका मर्यादेच्या रेघेच्या वर काही सेकंद टिकलं, तरच टिक पाण्याच्या खात्यात. खाली असेल तर ती टिक वाऱ्याच्या खात्यात. वर पाठवायचं आता वेगळं: पाणी किती लिटर, पाणी किती मिनिटं, वारा किती मिनिटं. आकडे अजूनही मूठभर, तीच बॅटरी, तेच लंगडं सिम. फक्त डब्याला आता कळत होतं, की आपण काय मोजतोय.

रेघ नेमकी कुठे ठेवायची यावर त्या फार अडून बसल्या. पुढचे काही दिवस रोज पाणी आलं की बायकांनी आपापले हंडे भरायचे, एकूण किती भरले ते मॅडमना सांगायचं, आणि त्या ते डब्याच्या आकड्याशी ताडून बघायच्या. रेघ थोडी वर, थोडी खाली. डबा आणि हंडे एक बोलायला लागल्यावरच त्यांनी लॅपटॉप मिटला. बहीण त्यांना चहा देऊन देऊन दमली. मला मात्र एकदाही विचारलं नाही, अजून फोनचा राग होता.

नव्या गोषवाऱ्याचा पहिला दिवस. स्क्रीनवर वाडीचा ठिपका लाल झाला. लालभडक! मी वर्कशॉपमध्ये टाळ्या पिटल्या. लाल ठिपक्यासाठी कुणी टाळ्या वाजवल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

तासाभरात साहेबांचा फोन. "मॅडम, तुमचा डबा बिघडलाय. काल हिरवा होता, आज लाल कसा?" त्यांना खरंच वाटत होतं की बिघडलाय. मी फोन घेऊन दोन शब्द सुनवणार होते, मॅडमनी हातानंच मला खाली बसवलं. म्हणाल्या, "साहेब, एकदा पाण्याच्या वेळेला येऊन बघता का? बिघडला असेल तर तुमच्यासमोर उतरवून नेते."

साहेब आले. आणि नेमकी त्या दिवशी टॉवरची वीज गेलेली, रेंज गुल. साहेब फोन हातात धरून वाडीभर फिरले, स्क्रीन गोल गोल फिरत राहिली. "आता कसं बघणार?" ते म्हणाले. मी कपाळाला हात लावला. महिनाअखेर चार दिवसांवर आली होती. आज हे परत गेले की टँकर गेला, बायकांच्या चेहऱ्यावर ते स्पष्ट दिसत होतं. बहीण तर अंगणात पाठमोरी उभी होती, भांडायचंही विसरून.

मॅडम म्हणाल्या, "रेंजचं डब्याला काय? त्याला जे कळायचं ते इथंच कळतं. रेंज आली की तो वर कळवेल, आजची वेळ घालूनच कळवेल." आणि त्यांनी डब्याचं झाकण उघडलं. आत बोटाएवढी पट्टी आहे, तिच्यावर दोन ओळी उमटतात. वर व्हॉल्व्ह उघडला गेला. नळ सूं सूं करायला लागले. पट्टीवर आलं: वारा. साहेब पट्टीकडे बघत होते, आणि नळांकडे. मग ते स्वतःच पुढे झाले, बहिणीच्या नळाखालचा हंडा बाजूला सारला, आणि तोटीखाली तळहात धरला. बराच वेळ धरून उभे राहिले. हात कोरडाच.

"हे रोज असंच?" त्यांनी बहिणीला विचारलं.

"व्हय साहेब. रोज वारा येतो. लय थंड असतो," बहीण म्हणाली. वाडी हसली. साहेबही हसले, पण हात पुसताना त्यांचा चेहरा उतरलेला होता. कोरडाच हात पुसत होते बिचारे.

टँकर राहिला. माझा जीव भांड्यात पडला. एवढंच नाही, साहेबांनी वाडीच्या अलीकडे, मीटरच्या आधी, उंचवट्यावर हवा बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह बसवून घेतला आणि पाणी सोडायच्या पाळ्या बदलून वाडीची पाळी मधल्या गावांच्या आधी लावली. चूक दिसल्यावर इतक्या लवकर हलणारा माणूस मी पाहिला नव्हता. आता वाडीला पाण्याची मिनिटं वाढायला लागली. पण मॅडम समाधानी नव्हत्या. वाऱ्याची मिनिटं कमी झाली तरी संपेनात. कारण नळ उघडेच.

"नळ बंद ठेवा," मॅडम म्हणाल्या. "लाइन भरलेली राहील, हवा शिरणारच नाही."

अगदी दंगल झाली. "बंद ठेवला तर कळनार कसं? पानी येऊन जायचं नि आम्ही बसू वाल सोलत!" सगळ्यात पुढे आमची बहीण. आणि मॅडमनी तिला एका शब्दानं खोडलं नाही. बडीशेप काढली. मला कळलं, आता काही तरी येणार.

पुढच्या खेपेला त्यांनी माझ्या हातात भोंगा दिला. साधा, शाळेच्या घंटेएवढ्या आवाजाचा. मी तो वाडीच्या मधल्या खांबावर चढवला आणि वायर थेट डब्यात आणली. खरं पाणी आलं, रेघेच्या वर टिकलं, की डबा स्वतःच भोंगा वाजवणार. पेणला विचारायचं नाही, क्लाउडला विचारायचं नाही, रेंज असो नसो. वाऱ्यावर वाजायचा नाही. मला आमच्या मॅडमचं सगळ्यात काय आवडलं असेल तर हे. बाकीचे लोक यंत्राला वरच्यांना खबर द्यायला शिकवतात. त्यांनी ते शेजारच्या बाईला हाक मारायला शिकवलं.

सुरुवातीला कुणाचा विश्वास बसेना. भोंगा वाजायचा, पाणी यायचं, तरी नळ उघडेच. मग एकीनं बंद केला, मग तिच्या जावेनं. जसजसे नळ बंद झाले तसतशी वाऱ्याची मिनिटं घटली आणि पाण्याची वाढली, रोजच्या गोषवाऱ्यात मला ते घरबसल्या दिसायचं. शेवटी एकच नळ उघडा राहिला. कुणाचा ते सांगायला नकोच. मी फोनवर चिडवायचे, तर म्हणायची, "तू तुझ्या ठिपक्याकडं बघ. माझा नळ माझा हाय."

मग एक दिवस तिचाच फोन. "टँकरवाल्याला सांग, आमच्याकडं यायचं बंद कर. खाडीपलीकडच्या वाडीत जा म्हणावं, त्यांच्याकडं अजून डबा नाय." मी विचारलं, नक्की? तर फोन ठेवून दिला. मी स्क्रीनवर बघितलं. वाडीपुढे हिरवा ठिपका होता, आणि या वेळी तो मी किती तरी वेळ बघत बसले.

रविवारी गेले तिच्याकडे. ओटीवर बसून वाल सोलत होती. मी आधी नळाकडे पाहिलं. बंद. खाली हंडा नाही. हंडा आत, कोपऱ्यात, पालथा. तिनं माझ्यापुढे सूप सरकवलं आणि मीही सोलायला बसले. इकडचं तिकडचं बोलत होतो. तेवढ्यात भोंगा वाजला. मी सवयीनं ताडकन उठले, हंडा आणायला धावणार.

बहीण उठली नाही. हातातला वाल तिनं सोलून सुपात टाकला, दुसरा घेतला. इतकी वर्षं पाण्याच्या आवाजासाठी कान लावून बसलेली माझी बहीण, जागची हलली नाही. मला रडूच आलं. तोंड फिरवलं, पण तिनं पाहिलं.

"बस गो," ती म्हणाली. "पानी हाय ते. वारा नाय."